आयटी सिक्युरिटी टीमला खुलं पत्र: लिंक तपासा, पण आम्हाला ती वाचताही येऊ द्या

आयटी सिक्युरिटी टीममधल्या सगळ्यांना,

नमस्कार. मेलमधल्या प्रत्येक लिंकचा पत्ता बदलून ती स्कॅनरमार्फत फिरवणारी सिस्टीम आपल्याकडे सुरू झाली तेव्हापासून ऑफिसात सरळ दोन गट पडलेत. एक गट म्हणतो की हे सगळं आमच्यावर नजर ठेवायला केलंय, दुसरा म्हणतो आता बिनधास्त कशावरही क्लिक करा, मशीन बघून घेईल. दोघंही चुकतायत, आणि त्यात थोडा वाटा तुमचाही आहे, कारण सुरू करताना जो मेल आला त्यात एवढंच होतं की "लिंक आता वेगळ्या दिसतील, काळजी करू नये". का वेगळ्या दिसतील, त्या वेगळ्या लिंककडे बघून काय कळतं आणि काय कळत नाही, यावर एक ओळ नाही. मी आता सिक्युरिटीत नाही, पण आधी मेल सर्व्हर सांभाळलेत, त्यामुळे सिस्टीम बंद करा असं म्हणायला हे पत्र लिहीत नाहीये. ती हवीच. पण आम्हाला पडद्यावर जे दिसतं आणि तुम्ही ट्रेनिंगमध्ये जे शिकवता ते एकमेकांशी जुळत नाही, म्हणणं तेवढंच आहे.

आधी ती का हवी ते, कारण हे तुम्ही सांगायला हवं होतं आणि पत्र सगळेच वाचणार आहेत. पूर्वी मेल आत येताना एकदाच तपासणी व्हायची. फसवणारे लोक हे ओळखून आहेत. ते रात्री मेल पाठवतात तेव्हा त्या लिंकमागे साधं रिकामं पान असतं, फिल्टर बघतो, त्याला काही गैर दिसत नाही, मेल इनबॉक्समध्ये जाऊन बसतो, आणि मग सकाळी लोक कामाला बसायच्या आधी त्याच पत्त्यावर खोटं लॉगिन पान चढवलं जातं. मेल तोच, लिंक तीच, फक्त मागचं पान बदललं. आलेल्या मेलची तपासणी कितीही कडक केली तरी हे सापडणार नाही, कारण तपासलं तेव्हा सापडण्यासारखं तिथे काही नव्हतंच. म्हणून तपासणी क्लिकच्या क्षणी करायची, आणि त्यासाठी क्लिक आधी स्कॅनरकडे जायला पाहिजे, म्हणून लिंकचाच पत्ता बदलायचा.

बरं, हे काम ब्राउझरमध्ये किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर का नाही करत असं बरेच जण विचारतात. कारण मेल कुठे उघडला जाईल ते कुणाच्या हातात नाही, कोणी घरच्या वायफायवर उघडतो, कोणी फोनवर, कोणी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर. बदललेला पत्ता मेलच्या मजकुरातच असल्यामुळे तो मेल जाईल तिथे जातो. आणि अजून एक फायदा आहे जो मला स्वतःला सगळ्यात मोठा वाटतो, तो म्हणजे एखादी लिंक वाईट होती हे दुपारी कळलं तर सकाळपासून त्यावर कोणी कोणी क्लिक केलं ती यादी तुमच्याकडे तयार असते, मग अख्ख्या कंपनीचे पासवर्ड बदलायला लावायच्या ऐवजी त्या चार-पाच जणांना फोन करता येतो. नजर ठेवतात म्हणणाऱ्या गटाला हे कोणीतरी नीट सांगायला हवं. क्लिकची नोंद होते हे खरंच आहे, ते लपवून काय मिळणार?

आता आम्हाला काय दिसतं ते. आपल्याकडची पद्धत मायक्रोसॉफ्टच्या सेफ लिंक्सची आहे, त्यामुळे समजा एखाद्या व्हेंडरने साधी इन्व्हॉइसची लिंक पाठवली तर आमच्यापर्यंत ती अशी पोचते (पत्ते नमुन्याचे आहेत, मधला लांबलचक भाग मी टिंबांनी कापलाय):

```
https://eur01.safelinks.protection.outlook.com/?url=https%3A%2F%2Fportal.example.com%2Finvoice%3Fid%3D4821&data=05%7C02%7Cname%40example.org%7C...&sdata=...&reserved=0
```

बघितल्यावर पहिलं मनात येतं की हाच व्हायरस दिसतोय. पण ही लिंक वाचता येते, आणि ते शिकायला पाच मिनिटं पुरतात. सुरुवातीचा `safelinks.protection.outlook.com` हा भाग स्कॅनरचा. खरा पत्ता `url=` च्या पुढे सुरू होतो आणि `&data=` आलं की संपतो. मधे जे टक्क्याचे आकडे दिसतात ते फक्त चिन्हांचे कोड आहेत, कारण एका पत्त्याच्या पोटात दुसरा पत्ता ठेवायचा तर आतली चिन्हं झाकावी लागतात, नाहीतर कुठलं चिन्ह बाहेरच्याचं आणि कुठलं आतल्याचं ते ब्राउझरला कळणार नाही. `%3A` म्हणजे विसर्गासारखे दोन टिंब, `%2F` म्हणजे तिरकी रेघ, `%3F` प्रश्नचिन्ह, `%3D` बरोबरचं चिन्ह. एवढे चार पाठ असले की वरच्या लिंकमधून `https://portal.example.com/invoice?id=4821` आपोआप डोळ्यासमोर येतं.

`data=` च्या पुढे काय असतं ते मात्र बहुतेकांना माहीतच नाही. त्यात ज्याला मेल आला त्याचा ईमेल पत्ता असतो. वरच्या उदाहरणात `name%40example.org` दिसतंय ना, `%40` म्हणजे ऍट, बाकी पत्ता जसाच्या तसा. त्याच्या पुढे कंपनीचा ओळख क्रमांक वगैरे. `sdata=` ही सही असते, मधे कोणी छेडछाड केली तर कळावी म्हणून. म्हणजे माझ्या इनबॉक्समधली लिंक कॉपी करून मी एखाद्या क्लायंटला पाठवली तर सोबत माझा पत्ताही पाठवला, आणि क्लायंटने क्लिक केलं की त्या लिंकवर नाव माझं. आपल्या अंतर्गत विकीमध्ये अशा कॉपी केलेल्या लिंकांचा नुसता खच पडलाय, कुणाकुणाचे पत्ते पोटात घेऊन. पुढे क्लायंटकडेही अशीच सिस्टीम असेल तर ती आपली बदललेली लिंक परत एकदा बदलते, मग `%3A` चं `%253A` होतं आणि ती लिंक वाचणं माणसाचं काम राहत नाही.

आता मुख्य तक्रार. दरवर्षी ट्रेनिंगमध्ये तुम्ही सांगता की क्लिक करायच्या आधी माउस लिंकवर न्या, पत्ता बघा, ओळखीचा नसेल तर क्लिक करू नका. आम्ही माउस नेतो. काय दिसतं? चांगल्या लिंकलाही `safelinks.protection.outlook.com`, वाईट लिंकलाही तेच. सगळ्या लिंक सारख्याच दिसत असतील तर बघून करायचं काय? आउटलुकच्या काही आवृत्त्या माउस नेल्यावर मूळ पत्ता दाखवतात हे मला माहितीये, पण फोनवरच्या दुसऱ्या मेल ऍपमध्ये तसं होत नाही आणि साध्या टेक्स्टच्या मेलमध्ये तर ती अख्खी शेपटी मजकुरातच येऊन पडते. ट्रेनिंगमधला स्क्रीनशॉट सिस्टीम यायच्या आधीचा आहे, त्यात छान सुटसुटीत पत्ता दिसतो. तसा पत्ता आता आमच्या फोनवर कुठल्याच मेलमध्ये दिसत नाही.

यातून काय होतं तर माणसं पत्ता बघायचं सोडून देतात, आणि "सेफ" हा शब्द दिसला की सेफ असं धरून चालतात. हा शब्द पत्त्यात ठेवणाऱ्याने फार विचार केला नसावा. आता पुढची लिंक बघा:

```
https://eur01.safelinks.protection.outlook.com.mail-check.example.net/?url=https%3A%2F%2Fportal.example.com
```

ही नकली आहे. साइटचं नाव पहिल्या एकट्या तिरक्या रेघेपर्यंत असतं आणि ते उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, म्हणजे इथे मालक `example.net`, त्याच्या डावीकडे जे काही लिहिलंय ते त्या मालकाने स्वतःच्या मनाने लावलेलं. `outlook.com` तिथे नुसतं सजावटीला. गंमत म्हणजे ही लिंक मेलने आली तर आपली सिस्टीम तिलाही बदलणार, त्यामुळे बाहेरचं स्कॅनरच्या पत्त्याचं आवरण खरं असेल आणि नकली आवरण त्याच्या पोटात असेल. मग मूळ पत्ता दाखवणाऱ्या आउटलुकमध्येही माणसाला माउस नेल्यावर ही नकली लिंकच दिसणार, आणि तो म्हणणार की अरे ही तर आपली रोजचीच स्कॅनरवाली. एसएमएस किंवा चॅटवर आली तर आवरणच नाही, थेट नकली. म्हणजे रोज शेकडो वेळा डोळ्याला ज्या नमुन्याची सवय लागली तोच नमुना फसवणाऱ्याच्या कामाला आला.

आणि खरं आवरणसुद्धा वापरलं जातं बरं का. 2025 मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सुरक्षा कंपनीने जाहीर केलं होतं की प्रूफपॉइंट आणि इंटरमीडिया यांच्या अशाच लिंक बदलणाऱ्या सेवांचा वापर करून लोकांना खोट्या लॉगिन पानांवर नेलं जात होतं. रीत सोपी होती, ही सेवा असलेल्या एखाद्या कंपनीतलं मेल खातं ताब्यात घ्यायचं, त्या खात्यातून वाईट लिंक पाठवायची म्हणजे तिला आपोआप खरं आवरण चढतं, आणि मग ती आवरणवाली लिंक बाकी जगाला वाटायची. यात स्कॅनर खोटं बोलत नाही. त्या क्षणी ती लिंक वाईट म्हणून माहीत नसते, एवढंच. शिवाय काही पानं समोर कोण आलंय ते बघून वागतात, स्कॅनर जिथून येतो तशा डेटा सेंटरच्या पत्त्यावरून कोणी आलं तर निरुपद्रवी मजकूर, साध्या माणसाच्या कनेक्शनवरून आलं तर लॉगिनचा फॉर्म, किंवा मधे मी रोबोट नाही वाली चौकट टाकतात म्हणजे स्कॅनर बाहेरच अडकतो. म्हणून स्कॅनरने पुढे जाऊ दिलं याचा अर्थ फक्त "आत्ता याच्याविरुद्ध आमच्याकडे काही नाही" असा होतो. बिनधास्त क्लिक करणाऱ्या गटाला हे वाक्य मोठ्या अक्षरात पाठवा, हवं तर माझं नाव न लावता.

दुसरी गोष्ट एकदाच चालणाऱ्या लिंकांची. पासवर्ड रिसेट, खातं चालू करा, लॉगिनसाठी इथे दाबा, अशा लिंकमध्ये एक टोकन, म्हणजे एकदाच चालणारा कोड, असतं आणि बऱ्याच साइट ती लिंक नुसती उघडली की टोकन वापरलं असं धरतात. नुसता पत्ता बदलल्याने यात काही बिघडत नाही हे आधी सांगतो, कारण शिव्या चुकीच्या जागी पडतायत. बिघडतं ते स्कॅनर तपासणीसाठी ते पान स्वतः उघडून बघतो तेव्हा, मेल आत येताना किंवा आपण क्लिक केल्यावर आपल्या आधी. टोकन तिथेच खर्च होतं. मग आपण पोचतो आणि समोर येतं की लिंकची मुदत संपली आहे किंवा ती आधीच वापरली गेली आहे. माणूस परत रिसेट मागतो, परत तेच, मग तिसऱ्यांदा, मग साइट खातं लॉक करते आणि हेल्पडेस्क म्हणतं की व्हेंडरशी बोला. व्हेंडर म्हणतो आमच्याकडे तर लिंक उघडल्याचं दिसतंय. दोघंही खरं बोलतायत! खूण एकच, व्हेंडरला विचारायचं की लिंक नेमकी किती वाजता उघडली गेली आणि कुठल्या आयपीवरून. मेल पोचल्यापासून दोन-चार सेकंदात आणि एखाद्या क्लाउड कंपनीच्या आयपीवरून उघडलेली असेल तर ते आपलं माणूस नाही.

यात चूक साइटवाल्यांचीही आहे हे मान्य. वेबचा जुना नियम आहे की `GET` ने नुसतं पान मागितलं तर मागे काही बदलू नये, बदल करायचा तर पानावर एक बटण द्या आणि ते दाबल्यावर `POST` ने करा. स्कॅनर लिंक उघडतो पण सहसा बटणं दाबत बसत नाही. मेलिंग लिस्टमधून एका क्लिकवर नाव काढायची जी पद्धत 2017 च्या आरएफसी 8058 या इंटरनेटच्या मानकात ठरली तिच्यात `POST` मुद्दाम याच कारणाने आहे, मेल तपासणारी सॉफ्टवेअर लिंका उघडत सुटायची आणि लोक नकळत लिस्टमधून बाहेर पडायचे. म्हणजे ही अडचण जुनी आहे, माहितीतली आहे. आपल्या हेल्पडेस्कच्या स्क्रिप्टमध्ये मात्र तिचा पत्ता नाही.

आणि याच गोष्टीचा सगळ्यात कडू भाग म्हणजे तुमची फिशिंग ड्रिल, आम्ही फसतो का ते बघायला तुम्हीच पाठवता ते खोटे मेल. आमच्या टीममधल्या एका सहकाऱ्याचं नाव मागच्या ड्रिलनंतर "लिंक उघडणाऱ्यांच्या" यादीत आलं, मॅनेजरला मेल, सक्तीचं ट्रेनिंग, सगळं. ती म्हणत होती की मी मेल उघडलाच नाही, कोणी ऐकलं नाही. शेवटी तिने तुमच्याकडून नोंद मागवून घेतली. मेल पोचला 9 वाजून 14 मिनिटं 1 सेकंदाला, क्लिक 9 वाजून 14 मिनिटं 3 सेकंदाला. दोन सेकंदात नोटिफिकेशन बघायचं, मेल उघडायचा, वाचायचा, फसायचं आणि क्लिक करायचं, हे जमणाऱ्या माणसाला खरं तर बक्षीस द्यायला पाहिजे. क्लिकचा आयपीही ऑफिसचा नाही, तिच्या घरचा नाही, फोन कंपनीचाही नाही. ड्रिलचा मेल स्कॅनरने तपासला आणि ड्रिलच्या सॉफ्टवेअरने तो क्लिक तिच्या नावावर टाकला. लिंक प्रत्येकाची वेगळी असते ना, म्हणून जो कोणी ती उघडेल त्याचं पाप लिंकवाल्याच्या माथी. त्या यादीत असे अजून किती जण होते ते तुम्ही परत तपासलं का? यादी मागे घेतल्याचा मेल तर आला नाही.

हे टाळता येतं. ड्रिलचे मेल ज्या डोमेनवरून जातात आणि त्यातल्या लिंक ज्या डोमेनच्या असतात ते स्कॅनरच्या अपवादात आधीच टाकून ठेवायचे, आणि तरीही मेल पोचल्यापासून काही सेकंदात आलेले, डेटा सेंटरच्या आयपीचे क्लिक मोजणीतून काढायचे. अपवाद टाकताना एक लक्षात ठेवा, लिंक न बदलण्याची यादी आणि पान उघडून न बघण्याची यादी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, पहिल्या यादीत टाकलं म्हणजे दुसरं थांबेलच असं नाही. टेस्ट मेल पाठवून नोंद बघितल्याशिवाय झालं म्हणू नका.

काही जण म्हणतील की पत्ता बदलणंच बंद करा आणि आउटलुकच्या आतूनच तपासणी करा, तसं सेटिंग आहे, लिंक मूळ रूपात राहते आणि क्लिक केल्यावर ऍप स्कॅनरला विचारतं. मला ते नको वाटतं. ते चालतं फक्त त्या सोयीच्या आउटलुकमध्ये, आणि आपल्याकडे निम्मी जनता फोनमधल्या आधीपासून असलेल्या मेल ऍपवर आहे, त्यांचं संरक्षण कोणाला न कळता निघून जाईल. एकतर सगळ्यांना आउटलुकवर आणा आणि मग ते सेटिंग करा, नाहीतर आहे ते राहू द्या, पण मधलं काहीतरी करू नका.

मग आम्हाला हवंय काय, तर पहिलं म्हणजे ट्रेनिंगमधला तो स्क्रीनशॉट बदला आणि आपल्याच बदललेल्या लिंकचं चित्र टाका, `url=` पासून `&data=` पर्यंत रंगवून, फोनवर लिंकवर बोट दाबून धरल्यावर काय दिसतं त्याचं वेगळं चित्र टाका, आणि वरच्या सारखी एक नकली लिंक शेजारी ठेवून विचारा की मालक कोण. दुसरं, स्कॅनरचं इशाऱ्याचं पान आमच्या ओळखीचं करा, त्यावर कंपनीचं नाव आणि हेल्पडेस्कचा नंबर लावता येतो, कारण आत्ता ते लाल पान आलं की निम्म्या लोकांना तेच फिशिंग वाटतं आणि ते बंद करून दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच लिंक चिकटवून बघतात. आणि "तरीही पुढे जा" हे बटण ठेवलं असेल तर काढून टाका, कामाच्या घाईत ते दाबलं जाणारच. ज्याला खरंच जायचंय तो तुम्हाला फोन करेल.

बाहेर लिंक पाठवायची असेल तर इनबॉक्समधून कॉपी न करता पान उघडून ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता घ्या, ही एक ओळ सगळ्यांना पाठवा (एकदाच चालणारी लिंक सोडून, ती तर कोणाला पाठवूच नये). विकीतल्या जुन्या लिंक तुम्ही स्क्रिप्ट लावून मूळ पत्त्यात बदलू शकता, `url=` चा भाग काढून कोड उलटवायचा, एवढंच काम आहे, आणि पुढे कधी ही सेवा बदलली तर त्या लिंका चालतील की नाही हा प्रश्नही उरणार नाही. हेल्पडेस्कला "लिंक आधीच वापरली गेली" या तक्रारीसाठी वेगळा प्रकार द्या, त्यात वेळ आणि आयपी विचारायची चौकट ठेवा, आणि त्याच त्याच व्हेंडरच्या तक्रारी आल्या तर व्हेंडरला सांगा की लिंकऐवजी सहा आकडी कोड पाठवा, नाहीतर पानावर बटण लावा.

आणि मागच्या ड्रिलची यादी परत तपासून, ज्यांचे क्लिक मशीनचे निघतील त्यांच्या मॅनेजरला त्याच पत्त्यावरून, तितकाच ठळक मेल जाऊ द्या. आधी हे करा, स्क्रीनशॉट नंतर बदलला तरी चालेल.

आपला,
खरेदी विभागातला एक कर्मचारी